हनुवटीवरचे तीन ठिपके

बडनेरा सोडून अकोल्याकडं निघालं की मूर्तिजापूरच्या आधी एक लहानसं स्टेशन लागतं. नाव सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना आहे, आणि बाकीच्यांच्या एक्सप्रेस तिथं थांबत नाहीत. दोन प्लॅटफॉर्म, त्यांना जोडणारा एक पूल, दोन कडुनिंब आणि तिकिटाची एकच खिडकी. त्या खिडकीमागं नीलम वानखडे बसायची. राहायला अमरावतीत, रोजचं अपडाऊन. सकाळी आठला खिडकी उघडायची आणि चारला दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची. बाई कामाला वाघ होती, पण बोलायला सुरी. रांगेत कुणी सुट्ट्या पैशांवरून कुरकुर केली की काचेतूनच त्याची बोलती बंद करायची.

गोवर्धनशी मात्र तिची सुरी चालली नाही, कारण ती त्याला ऐकूच आली नाही.

गोवर्धन म्हणजे गंगूबाईचा धाकटा. जन्मापासून बहिरा. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं दणकट, हाताला कायम झेंडूचा वास. स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर त्यांचा फुलांचा मळा. आठवड्यातून तीन दिवस फुलांचे गठ्ठे घेऊन मायलेक अकोल्याच्या बाजारात जायचे. तिकीट काढायला, भाव करायला, कुणाशी भांडायला गंगूबाई. उचलायला आणि मांडायला गोवर्धन. असं चाळीस वर्षं चाललं. मग म्हातारीच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि एका सकाळी गोवर्धन एकटाच खिडकीपुढं उभा राहिला.

"कुठं?" नीलम म्हणाली.

त्यानं बोटांची चिमूट करून हवेतून काहीतरी वेचून घेतल्यासारखं केलं. नीलमला वाटलं हा काही मागतो आहे. ती जोरात म्हणाली, "कुठं जाचं, कुठं?" मग अजून जोरात. बहिऱ्या माणसाशी आपण सगळे हेच करतो. भिंतीशी बोलताना आवाज वाढवला तर भिंत ऐकेल असं आपल्याला का वाटतं, देव जाणे. गोवर्धन तिच्या ओठांकडं बघत होता. पण काचेवर सकाळचं ऊन पडलं होतं, आणि त्याला त्या उन्हात कडुनिंब दिसत होता, नीलम नाही. तिनं कागद पुढं सरकवला, तर त्यानं त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. त्याला लिहिता येत होतं ते तेवढंच. शाळा त्यानं बाहेरूनच पाहिली होती. आकडे मात्र त्याला पक्के यायचे.

शेवटी त्यानं पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला दाखला काढला. सवलतीसाठी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातला, सरकारी डॉक्टरच्या सहीशिक्क्याचा दाखला लागतो, आणि त्यावर ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही अशी दोन्ही कलमं असावी लागतात. एक असून भागत नाही. दाखला बरोबर होता. पण तेवढ्यात घाईनं गोवर्धनच्या तोंडून "आऽ" असा मोठा आवाज निघाला आणि नीलमची भिवई चढली. आवाज आहे तर मुका कसा? आता गळा त्याचा धडधाकटच होता. ज्यानं कधी शब्द ऐकलाच नाही, त्यानं त्या गळ्याचं करायचं काय, हे तिच्या डोक्यात आलं नाही. मागं रांग ओरडत होती. तिनं काचेवर हात आपटून त्याला बाजूला व्हायला सांगितलं. गाडी त्याच्यासमोरून निघून गेली, आणि झेंडूचे दोन गठ्ठे त्यानं खांद्यावर घालून परत नेले.

दुसऱ्या दिवशी गंगूबाई बैलगाडीतून आली. काठी टेकत खिडकीशी उभी राहिली. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके, डोळ्यांत जाळ.

"बाई, माह्या पोराले तिकीट काहून नाही देल्लं?"

"आजी, थो काय म्हणते ते मले समजलंच नाही."

"समजन कसं? तू त्याच्या हाताकडं पाह्यलं का? तोंडाकडं पाहून राह्यली असशीन." म्हातारीनं मुलाचं मनगट धरून काचेसमोर आणलं. "हे पाय. कापूस वेचला की अकोला. पह्यलेपासून अकोल्याले कापसाच्या गाड्या जात, म्हणून. हात जोडले की अमरावती, अंबादेवी. बोटावर बोट आडवं ठेवलं की बडनेरा, तिथं लायना फुटते. एवढं तर येईन का तुले?"

नीलम ओशाळली. तिला ओशाळायची सवय नव्हती, म्हणून ती तेवढ्यापुरती फणकारली, पण तीन खुणा तिनं लक्षात ठेवल्या.

पुढची दोन वर्षं अशीच थोडी थोडी गेली. आधी तिनं काचेच्या वरच्या बाजूला पुठ्ठा अडकवला, म्हणजे ऊन अडलं आणि तिचा चेहरा बाहेरून दिसायला लागला. मग तिच्या लक्षात आलं की खिडकीबाहेरच्या छोट्या पाटीवर स्टेशनचं नाव आणि भाड्याचा आकडा उमटतो, तो आकडा तो वाचतो. आकडा चुकला तर बोट हलवतो. जाणं-येणं हवं असेल तर बोट पुढं नेऊन परत आणतो. एकदा तिनं मोबाइलवर बहिऱ्यांच्या भाषेचे व्हिडिओ पाहून चार खुणा पाठ केल्या आणि मोठ्या ऐटीत करून दाखवल्या. गोवर्धन पोट धरून हसला. ती शाळेतली भाषा होती, दिल्ली-मुंबईकडच्या शिकलेल्या बहिऱ्यांची. त्याची भाषा मायलेकांनी मळ्यात बसून केलेली, आणि ती बोलणारी माणसं या जगात दोनच होती.

ती तिसरी झाली. कशी झाली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

भोंग्यावरची सूचना त्याला ऐकू यायची नाही, म्हणून गाडी लेट झाली किंवा प्लॅटफॉर्म बदलला की ती खिडकीतला बल्ब दोनदा लावायची-विझवायची. समोरच्या बाकावर बसलेला गोवर्धन मान वर करायचा. मनगटावर टिचकी मारून ती दोन्ही हात लांबवायची. हात जितके लांब तितकी गाडी उशिरा. पुलापलीकडं जायचं असेल तर दोन बोटं. त्यानं तिला नावही दिलं होतं: कानामागं पेन अडकवल्याची खूण, कारण तिचं पेन कायम तिथं असायचं. आईची खूण म्हणजे हनुवटीवर तीन वेळा टेकवलेलं बोट. ताप म्हणजे कपाळावर उलटा तळवा. आणि मरण म्हणजे मूठ उघडून बोटं खाली लोंबणं, देठावर सुकलेलं फूल. ही खूण त्यानं तिला वडिलांबद्दल सांगताना शिकवली होती.

सगळ्यात अवघड शिकवणी मात्र हातांची नव्हती, चेहऱ्याची होती. सुरुवातीला नीलम खुणा बरोबर करायची आणि तोंड ठोकळ्यासारखं ठेवायची. गोवर्धन मान हलवायचा, काही कळत नाही म्हणायचा. मग तो स्वतःच्या गालांवर हात फिरवून भिंत बांधल्यासारखं करायचा आणि तिच्याकडं बोट दाखवायचा. म्हणजे, तुझं तोंड भिंत आहे. तिला उशिरा उमगलं. आपण विचारताना आवाज वर नेतो, तो भिवया वर नेतो. आपण "खूप" म्हणताना सूर ओढतो, तो गाल फुगवतो. आपला जो सूर तो त्याचा चेहरा. चेहरा नसेल तर त्याच्यासाठी हात नुसते हलतात. हे समजल्यावर नीलमचं तोंड हळूहळू मोकळं झालं. घरी नवरा म्हणाला, "काय व, आजकाल हासून राह्यली तू."

यंदा दसऱ्याच्या आठवड्यात गंगूबाईला धाप लागली. मंगळवारी तिचा नातू चंदन, थोरल्याचा मुलगा, गाडी करून तिला अकोल्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. थोरला खुशालराव पंचवीस वर्षांपासून अकोल्यातच घर करून होता. गोवर्धन मागं राहिला, कारण झेंडू तोडीला आला होता आणि म्हातारीनंच त्याला हातानं बजावलं होतं, फुलं सोडून येऊ नको. तो गुरुवारी जाणार होता. नीलमनं आपला नंबर चंदनला देऊन ठेवला होता. काही असलं तर मला कळव, मी काकाला सांगते, असं तीच म्हणाली होती.

गुरुवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तो फोन आला.

"मॅडम, आजी गेली. नऊ वाजता." चंदनचा आवाज फुटका होता. "काकाले आता सांगू नोका. सिरियस आहे म्हणा फक्त, अन् दहा पन्नासच्या गाडीत बसवून द्या. एकटा आहे थो, रस्त्यात काही करून घेईन. इथं आला की आमी सांभाळतो."

नीलमला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्हाला-मला तरी कुठं वाटतं? आपल्याकडं गेलेल्या माणसाची बातमी कधी सरळ देतात का? सिरियस आहे, लवकर ये, एवढंच म्हणतात, आणि म्हणणाऱ्याचा आवाज बाकीचं सांगून टाकतो. नीलमच्या वडिलांच्या वेळी तिलाही भावानं हेच सांगितलं होतं. तिनं "बरं" म्हणून फोन ठेवला आणि ठेवता ठेवताच तिला सगळं कळलं होतं. कुणी खोटं बोललं असं तिला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नव्हतं.

गोवर्धन समोरच्या बाकावर होता, पायाशी दोन गठ्ठे. तिनं बल्ब दोनदा विझवला. तो आला. तिनं हनुवटीवर तीनदा बोट टेकवलं, कपाळावर तळवा ठेवला, कापूस वेचला, आणि हातानं घाई दाखवली. आई, आजारी, अकोला, लवकर.

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग भिवया वर गेल्या, मूठ उघडली, बोटं खाली लोंबली. आई गेली का?

ऐकणारा माणूस हा प्रश्न कधीच विचारत नाही, त्याला विचारावं लागत नाही. याला विचारावा लागला. याच्यापुढं सूर नव्हता, फक्त नीलमचा चेहरा होता, आणि तो तिनं आधीच बंद केला होता. रडू येऊ नये म्हणून तिनं जबडा आवळला होता. गाल, भिवया, ओठ, सगळं जागच्या जागी. भिंत.

तिनं मान हलवली. नाही.

दोन वर्षांत तिनं त्याला चुकीचा प्लॅटफॉर्म कधी सांगितला नव्हता, चुकीची वेळ कधी सांगितली नव्हती. गोवर्धनचे खांदे खाली आले. त्यानं घड्याळाकडं पाहिलं, चाळीस मिनिटं होती. ती गाडी नेहमी वीस मिनिटं तरी लेट यायची, हे त्याला तिनंच शिकवलं होतं. त्यानं काठी टेकून चालल्याची खूण केली आणि घराकडं बोट दाखवलं. घाईगर्दीत आईची काठी घरी राहिली होती. बरी होऊन दवाखान्यातून निघताना तिला ती लागणार होती. तो वळला आणि निघाला.

"गोवर्धन!" नीलम ओरडली. दोन वर्षांत शिकलेलं सगळं विसरून ती काचेतून ओरडली. "जाऊ नोको, गाडी सुटन!" रांगेतल्या सगळ्या माणसांनी मागं वळून पाहिलं. ज्यानं वळायचं तो दारातून बाहेर पडला होता. ती उठली, पण रांगेत अकरा जण होते, गाडीची वेळ होती, आणि खिडकी अशी सोडून जाता येत नाही. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

त्या दिवशी गाडी वेळेवर आली. वर्षातून चार दिवस येते, त्यातला तो एक. शेवटचा डबा प्लॅटफॉर्म सोडत असताना गोवर्धन दारातून आत आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्वच्छ घडी घातलेलं लुगडं. तो धापा टाकत होता, पण घाबरलेला नव्हता. त्यानं नीलमकडं बघून कपाळावर हात मारला आणि हसला. काय करता, चुकली.

पुढची गाडी दोन चाळीसची होती. नीलमनं चंदनला फोन केला. फोन खुशालरावनं घेतला.

"मॅडम, चारनंतर आमी थांबू शकत नाही. दिवस मावळायच्या आत उरकावं लागते. नातेवाईक कुठून कुठून आले आहेत. अग्नी मी देईन, मी थोरला आहे. त्याले काय कळते तसंही?"

"त्याले सगळं कळते," नीलम म्हणाली.

"मंग धाडा त्याले लवकर."

ती खिडकी अर्धवट ओढून बाहेर गेली आणि त्याला रस्ता दाखवला. हायवेवर जा, ऑटोनं मूर्तिजापूर, तिथून बस. त्यानं गठ्ठे दाखवले, काठी दाखवली, रुळांकडं हात केला. गाडी येतेच आहे की. त्याचं बरोबरच होतं. आजारी माणसाकडं कुणी एवढं जिवाच्या आकांतानं पळत नाही. मेलेल्यासाठी पळतात, कारण मेलेला माणूस थांबत नाही. हे एक वाक्य त्याला सांगितलं असतं तर तो फुलं तिथंच टाकून हायवेवर एखाद्या ट्रकपुढं आडवा झाला असता. आणि ते सांगायचं तर आधी म्हणावं लागणार होतं, मघाशी मी तुझ्याशी खोटं बोलले. तिचा हात हनुवटीपर्यंत गेला आणि तिथून पेनाकडं वळला. असं तीनदा झालं. साडेअकराला, बाराला, एकला. दर वेळी सांगणं अजून जड झालं होतं. तो बाकावर बसून फुलांवर पाण्याचे शिपके मारत होता.

दोन चाळीसची गाडी चार पस्तीसला आली. तोवर तिनं तीनदा बल्ब लावला-विझवला, तीनदा हात लांबवले. तो दर वेळी मान डोलवायचा, तिचं म्हणणं कळलं म्हणून. ड्युटी संपूनही ती थांबली आणि त्याला डब्यात चढवून दिलं. त्यानं दारातून कानामागं पेन खोचल्याची खूण केली आणि मान झुकवली.

चिता सव्वापाचला पेटली होती. तो सहाच्या सुमाराला अकोल्यात उतरला. चंदन त्याला स्टेशनवरून सरळ स्मशानात घेऊन गेला. पुढचं चंदननंच तिला फोनवर सांगितलं. काका रडला नाही, ओरडला नाही. काठी कोणाला देईना. तिथं जमलेल्या एकेका माणसाच्या तोंडाकडं तो जवळ जाऊन बघत होता, बराच वेळ, ओळीनं सगळ्यांच्या.

"मॅडम, थो काय पाहून राह्यला होता?"

नीलमला ठाऊक होतं.

तेराव्यानंतर तो स्टेशनवर आला. डोकं भादरलेलं, पायाशी शेवंतीचा एक गठ्ठा. खिडकीसमोर कुणी नव्हतं. नीलमनं हनुवटीवर बोट टेकवलं आणि तिचा चेहरा त्या दिवशी जो उघडायला हवा होता तो आज उघडला. डोळे वाहायला लागले, ओठ थरथरले. गोवर्धन ते सगळं बघत राहिला. मग त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. आईची खूण केली, सुकलेलं फूल केलं, आणि भिवया वर नेल्या. किती वाजता?

आता खोटं बोलून काही वाचणार नव्हतं. तिनं नऊ बोटं दाखवली.

त्यानं बल्बकडं बोट दाखवलं, मग तिच्याकडं, मग स्वतःच्या डोळ्यांकडं. तू मला बोलावलंस तेव्हा? त्यानं दहा बोटं उभी केली. तुला माहीत होतं?

तिनं मान हलवली. हो.

त्यानं स्वतःच्या गालांवरून दोन्ही तळवे हळूच खाली नेले, भिंत बांधली, आणि तिच्याकडं बोट केलं. रागानं नाही. एखाद्याचं नाव सांगावं तसं. कानामागच्या पेनाचं नाव त्यानं तिच्याकडून काढून घेतलं आणि भिंतीचं हे नाव तिला दिलं, एवढं तिला स्पष्ट कळलं. त्याची भाषा ती आता चांगलीच शिकली होती.

मग त्यानं खिशातून चिठ्ठी काढून काचेखालून सरकवली. चंदनच्या अक्षरात लिहिलेली: "अकोला, एक, जाणे-येणे, मूकबधिर सवलत. दाखला सोबत आहे." नीलमनं दाखला पाहिला, मशीनमध्ये नोंद केली, तिकीट दिलं. त्यानं पाटीवरचा आकडा तपासला आणि बाकावर जाऊन बसला. खिडकीकडं पाठ करून.

आपलं भांडण झालं तर आपण बोलणं बंद करतो. पण कानावर पडायचं ते पडतंच. बहिऱ्यानं पाठ फिरवली की त्याच्यापुरता समोरचा माणूस संपतो.

साडेदहाला सूचना आली की अकोल्याची गाडी आज दोन नंबरवर येईल. नीलमनं बल्ब विझवला आणि लावला. परत विझवला, परत लावला. बाकावरची पाठ हलली नाही. ती तो बल्ब लावत-विझवत राहिली, शेवटी रांगेतला एकजण म्हणाला, "मॅडम, बल्ब खराब झाला का?" तेवढ्यात शेजारच्या एका म्हातारीनं गोवर्धनची बाही ओढली आणि पुलाकडं हात केला. त्यानं तिला मान झुकवली, गठ्ठा खांद्यावर घेतला आणि पूल चढून गेला. वर गेल्यावर एकदा थांबला, खांदा बदलला, आणि पलीकडं उतरला.

त्याचे हात आता नुसतं ओझं उचलतात. चिठ्ठी मात्र तो दर वेळी नवी आणतो, अक्षर चंदनचं. तिकीट कधी चुकत नाही.